तालीम, तहसील, तपशील



आजचा विषय अरबी भाषेतली धातूंची रचना. सुरुवात मात्र तीन अगदी घरगुती शब्दांनी करतो: तालीम, तहसील, तपशील. कुस्तीची तालीम, तहसील कार्यालय आणि खर्चाचा तपशील. ऐकणाऱ्यांत इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशी बरीच गावं आहेत, पण हे तीन शब्द सगळ्यांच्या घरात आहेत. ते मोठ्यानं म्हणून बघा. एकाच चालीवर येतात. आधी 'त', शेवटच्या अक्षराआधी दीर्घ 'ई'. हा योगायोग नव्हे. तिन्ही शब्द एकाच साच्यातून पाडलेले आहेत.

साच्यात ओतलेला माल मात्र वेगवेगळा आहे. तालीममध्ये ऐन-ल-म, म्हणजे जाणणे. तहसीलमध्ये ह-स-ल, म्हणजे हाती येणे, निष्पन्न होणे. तपशील मूळचा तफ़्सील, त्यात फ़-स-ल, म्हणजे वेगळे करणे. आता साचा काय करतो? जे आपोआप होत होतं, ते कोणीतरी घडवून आणतं असं सांगतो. जाणणे, तर जाणवून देणे, म्हणजे शिकवणे. हाती येणे, तर हाती आणणे, म्हणजे वसुली. वेगळे असणे, तर एकेक बाब वेगळी करून मांडणे, म्हणजे तपशील.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. मराठीत पडणे–पाडणे, मरणे–मारणे, चरणे–चारणे म्हणताना आपणही शब्दाच्या पोटातला स्वर बदलून कर्ता बदलतो. आपल्याकडे असे शब्द मोजके. अरबीनं सगळा संसारच त्यावर उभा केला आहे. तीन व्यंजनं म्हणजे धातू. त्यांच्या मध्ये स्वर भरायचे, पुढे-मागे ठरावीक अक्षरं जोडायची, की शब्द तयार. धातूला अरबीत म्हणतात जज़्र, म्हणजे झाडाचं मूळ. साच्याला म्हणतात वज़्न. आपलं वजन तेच. आणि शब्दांची रूपं पालटण्याच्या या शास्त्राला म्हणतात सर्फ़, ज्या धातूवरून आपला सराफ आला. तो नाणी पालटून द्यायचा, वैयाकरण शब्द पालटतो.

साचा सांगायला अरब वैयाकरणांनी एक नमुन्याचा धातू घेतला: फ़-ऐन-ल, म्हणजे करणे. पहिल्या अक्षराच्या जागी फ़, दुसऱ्याच्या जागी ऐन, तिसऱ्याच्या जागी ल. म्हणून तालीम-तहसीलचा साचा तफ़्ईल. महसूल, मालूम, मजबूत यांचा साचा मफ़्ऊल, ज्याच्यावर क्रिया झाली तो. आलिम आणि हासिल यांचा साचा फ़ाइल, जो क्रिया करतो तो. 'त्यात काय हशील?' असं आपण विचारतो, त्यातलं हशील म्हणजे हे हासिलच. जाता जाता सांगतो, लष्करी अधिकाऱ्याला अरबीत दाबित म्हणतात, धातू द-ब-त, घट्ट धरणे. फारसीतून येताना त्या जाड 'द'चा 'ज' झाला, म्हणून आपल्याकडे जप्त आणि मजबूत. तेव्हा आमची जात मजबूतच्या घरातली आहे, एवढं नोंदवून पुढे जातो.

बहुतेक पाठ्यपुस्तकं क-त-ब या धातूनं सुरू होतात: किताब, कातिब, मक्तब. विद्यार्थी खूश होतो, आणि पुढच्या पानावर अडकतो, कारण क-त-ब हा फार आज्ञाधारक धातू आहे. मी दुसरा धातू घेणार आहे, स-ल-म. तो आज्ञाधारक नाही, म्हणून शिकवायला बरा.

पण धातू शोधायचाच कशाला? शब्द आला की सरळ कोशात बघावा. अडचण अशी की अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. पवित्र ग्रंथात आणि मुलांच्या पुस्तकांत खुणा असतात; वर्तमानपत्रात, सरकारी कागदावर, रस्त्यावरच्या पाटीवर नसतात. दुसरं म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातात असतो तो कोश शब्दांच्या पहिल्या अक्षरावर लावलेला नसतो. हान्स वेर या जर्मन अभ्यासकाचा कोश 1952 साली आला, त्याची इंग्रजी आवृत्ती 1961 साली, आणि आजही वर्गात तोच चालतो. तो धातूंच्या क्रमानं लावलेला आहे. तालीम शोधायची तर 'त'मध्ये नाही, ऐन-ल-म खाली. एका धातूखाली क्रियापदांचे साचे रोमन आकड्यांनी दिलेले असतात, एकपासून दहापर्यंत. म्हणजे धातू ओळखल्याशिवाय कोशाचं दारच उघडत नाही.

आता प्रत्यक्ष कागद घेऊ. मी काही वर्षं घरून, संगणकाच्या पडद्यावरून, चार-सहा जणांना अरबी शिकवतो. त्यांना कथा-कवितांऐवजी कामाचे कागद वाचायला देतो: पावत्या, सूचना, याद्या. एकदा दिलेल्या कागदाच्या मथळ्यावर दोन शब्द होते. पहिला महदर. मराठेशाहीचा इतिहास वाचणाऱ्यांना हा लगेच ओळखू येईल, तो आपला महजर. धातू ह-द-र, समोर असणे. त्यातूनच हजर, हुजूर. सगळ्यांच्या समक्ष केलेली लेखी नोंद ती महदर.

दुसऱ्या शब्दाची अक्षरं अशी होती: अलिफ-सीन-ते-लाम-अलिफ-मीम. सहा अक्षरं. विद्यार्थी हुशार, अभ्यासू. त्यानं सीन-ते पाहिलं आणि लगेच म्हणाला, "सर, हा दहावा साचा. स-ल-म धातू. इस्तिस्लाम. शरणागतीचा महजर."

खाली यादी होती: एक जनरेटर, पाण्याच्या दोन टाक्या, चाळीस खुर्च्या. खुर्च्यांनी कोणापुढे शरणागती पत्करली होती, ते त्याला सांगता येईना.

शब्द होता इस्तिलाम, म्हणजे ताब्यात घेणे. तो माल मिळाल्याचा कागद होता. फौजेत एक अधिकारी जाऊन दुसरा येतो, तेव्हा सामान मोजून देण्या-घेण्याचा सोहळा होतो. देणाऱ्याची बाजू अरबीत तस्लीम, घेणाऱ्याची इस्तिलाम. आणि शरण जाणे म्हणजे इस्तिस्लाम: अलिफ-सीन-ते-सीन-लाम-अलिफ-मीम. सात अक्षरं. दोन्हींत फरक एका सीनचा. तिन्ही शब्दांचा धातू एकच, स-ल-म. विद्यार्थ्यानं धातू बरोबर ओळखला होता. साचा चुकला, आणि मालाची पावती शरणागतीचा दस्त झाली. वर्गात आम्ही हसलो. दोन सैन्यांच्या मधल्या ठाण्यावर हाच कागद दुभाष्याच्या हातात असेल, तर हसण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून आता सावकाश, हा साचा ओळखायचा कसा ते बघू. वही असेल तर घ्या.

आधी शब्दाला चिकटून येणारी परकी अक्षरं सोडवायची. अरबीत 'आणि' म्हणजे व, 'ने' किंवा 'सह' म्हणजे ब, 'सारखा' म्हणजे क, 'साठी' म्हणजे ल. ही पुढच्या शब्दाला जोडूनच लिहितात. मग 'अल्' हे उपपद. हे सगळं आपल्या विभक्ती-प्रत्ययांसारखं समजा, फक्त शेवटी लागण्याऐवजी आधी लागतं. ते काढलं की खरा शब्द उरतो.

मग उरलेल्यात धातूची अक्षरं कुठली आणि साच्याची कुठली? इथे जुन्या अरब वैयाकरणांनी एक सोय करून ठेवली आहे. साचे तयार करायला जी अक्षरं जादा म्हणून येऊ शकतात ती फक्त दहा, आणि ती लक्षात राहावीत म्हणून त्यांचा एक शब्द केला: सअल्तुमूनीहा. अर्थ, 'तुम्ही मला ती विचारलीत'. कोणीतरी गुरुजींना विचारलं असावं, जादा अक्षरं कोणती, आणि गुरुजींनी उत्तरच प्रश्नाच्या रूपात दिलं. त्यातली अक्षरं: सीन, हमज़ा, लाम, ते, मीम, वाव, नून, ये, हे आणि अलिफ.

याचा उपयोग नीट समजून घ्या, कारण बरेच जण उलटा करतात. या दहांतलं अक्षर दिसलं म्हणजे ते जादाच आहे, असं नव्हे. ते धातूचंही असू शकतं. पण या दहांच्या बाहेरचं अक्षर दिसलं, तर ते धातूचंच. (एक अपवाद आहे. आठव्या साच्यातला 'त' काही अक्षरांच्या शेजारी गेला की जाड 'त' किंवा 'द' होतो. तो भेटेल तेव्हा बघू.) उदाहरणार्थ बातम्यांत येणारा इस्तिख़बारात हा शब्द. त्यात ख़, ब, र ही तिन्ही अक्षरं दहांच्या बाहेरची. म्हणजे धातू ख़-ब-र, आपली खबर. एका नजरेत काम झालं.

आता कळेल मी स-ल-म का घेतला. सीन, लाम, मीम, तिन्ही त्या दहांत आहेत! इस्तिस्लाममधली सातही अक्षरं जादा असू शकतात असं यादी म्हणते. यादी इथे काहीच मदत करत नाही, म्हणून साचाच बघावा लागतो.

दहाव्या साच्याची खूण म्हणजे धातूच्या आधी 'इस्त'. त्याचं क्रियावाचक नाम इस्तिफ़्आल: 'इस्त', मग धातूची दोन अक्षरं, मग अलिफ, मग तिसरं अक्षर. आठव्या साच्याची खूण वेगळी. त्यात आधी अलिफ येतो, मग धातूचं पहिलं अक्षर, आणि त्याच्या पाठोपाठ 'त' घुसतो. त्याचं नाम इफ़्तिआल. इंतज़ार, इम्तिहान, इत्तिफ़ाक़ हे सगळे त्या चालीचे. आता आठव्या साच्यात धातूचं पहिलं अक्षरच सीन असलं तर काय होईल? अलिफ, सीन, त. दिसायला थेट 'इस्त'. आमचा विद्यार्थी इथेच फसला.

ओळखायचं कसं? 'इस्त' काढून टाका आणि मोजा. इस्तिस्लाममधून 'इस्त' काढलं, मधला अलिफ साच्याचा म्हणून वगळला, तर राहतात स, ल, म. तीन. दहावा साचा पक्का. इस्तिलाममधून तेच काढलं तर राहतात ल, म. दोनच. धातूला तीन हवीत. तिसरं कुठे गेलं? आपणच 'इस्त' म्हणून फेकलेल्या सीनमध्ये. सीन परत घ्या, 'त' एकटा जादा, आठवा साचा.

दुसरी जोडी करून बघा. इस्तेमाल आपल्याला हिंदीतून ओळखीचा. अरबीत इस्तिअमाल. 'इस्त' काढा, राहतं ऐन-म-ल. तीन आहेत, दहावा साचा. धातू काम करणे, ज्यातून आपले अंमल, अंमलदार आणि मामलेदार आले. त्याच्या शेजारी ठेवा इस्तिमाअ. 'इस्त' काढल्यावर राहतं म आणि ऐन. दोनच. म्हणजे सीन धातूचा: स-म-ऐन, ऐकणे. इस्तिमाअ म्हणजे लक्ष देऊन ऐकणे.

आणि आता तुम्हाला वाटेल की दोन उरली की आठवा साचा, संपलं. नाही. इस्तिराहा हा शब्द घ्या, विश्रांती. 'इस्त' काढा. र, मग अलिफ, मग ह, आणि शेवटी तो छोटा 'आ' दाखवणारी गोल 'ते'. अलिफ वगळला तर र आणि ह, दोनच. पण धातू स-र-ह धरून कोशात गेलात तर विश्रांती तिथे सापडणार नाही. कारण हा धातू र-व-ह आहे, ज्याच्या घरात आपली राहत आहे. मधला 'व' अशक्त, तो साच्यात विरघळून अलिफ होतो. अरबीत व आणि य ही अशी बेभरवशाची अक्षरं. धातूत असतात, पण शब्दात तोंड दाखवतीलच असं नाही.

तर मग इस्तिलाम आणि इस्तिराहा यांत फरक कसा करायचा? शेवटच्या गोल 'ते'वरून. दहाव्या साच्यात मधलं अक्षर विरघळलं तर भाषा त्याची भरपाई म्हणून नामाच्या शेवटी गोल 'ते' जोडते. इस्तिक़ाला, म्हणजे राजीनामा, हाही तसाच: धातू क़-य-ल. त्यामुळे 'इस्त' काढून दोनच उरली की नजर शब्दाच्या शेपटीकडे न्यायची. गोल 'ते' असेल तर मध्ये व किंवा य हरवला आहे. नसेल तर सीन परत घ्यायचा. माझ्या अनुभवात ही एक तपासणी अंगवळणी पडली, की विद्यार्थ्याचा कोश उघडण्याचा वेळ निम्म्यावर येतो.

धातू सापडला, साचा सापडला. आता अर्थ. इथे मी एक शिस्त लावतो: कोश उघडण्याआधी अर्थाचा अंदाज वहीत लिहायचा, मग कोश बघायचा, आणि अंदाज कुठे चुकला ते शेजारी लिहायचं.

ख़-ब-र वर करून बघू. मूळ अर्थ, एखाद्या गोष्टीची आतून माहिती असणे. ख़बर म्हणजे बातमी. चौथा साचा अफ़्अल, दुसऱ्यासारखाच घडवून आणणारा. म्हणजे माहिती करून देणे, कळवणे. त्याचं कर्त्याचं रूप 'मु'नं सुरू होतं आणि शेवटच्या अक्षराआधी 'इ' घेतं: मुख़्बिर, कळवणारा. आपला मुखबिर. दहाव्या साच्याचा मुख्य भाव मागणे, मिळवू पाहणे. बातमी मिळवू पाहणे म्हणजे इस्तिख़बार, आणि अनेकवचनी इस्तिख़बारात म्हणजे लष्करी गुप्तवार्ता विभाग. तिसऱ्या साच्यात पहिल्या अक्षरानंतर दीर्घ 'आ' येतो आणि भाव येतो समोरच्या माणसाशी व्यवहाराचा. आपल्याकडे मुकाबला, मुलाखत, मामला, सगळे याच घरचे. तिन्हींत समोर कोणीतरी लागतोच. बातमीची देवाणघेवाण, मुख़ाबरा. तिचं अनेकवचन मुख़ाबरात, तेही हेरखातंच, पण देशाचं सर्वसाधारण. इथपर्यंत विद्यार्थ्याचे अंदाज बरोबर येतात आणि तो फुशारतो.

मग आठवा साचा, इख़्तिबार. आठव्या साच्यात बहुधा क्रिया कर्त्याकडेच वळते, स्वतःसाठी करणे. विद्यार्थी लिहितो: स्वतःसाठी बातमी घेणे. कोश म्हणतो: परीक्षा, चाचणी. दूर गेलं का? फार नाही. एखादी वस्तू स्वतः तपासून तिची माहिती घेणे म्हणजे चाचणीच. पण हे कोश पाहिल्यावर सुचलं. आधी सुचलं नव्हतं, आणि हा फरक मी विद्यार्थ्याला कबूल करायला लावतो. त्याच साच्यातून मुख़्तबर, प्रयोगशाळा.

आता परत स-ल-म. मूळ अर्थ अखंड, सुरक्षित, निर्दोष असणे. सलाम, सलामत, सालिम. दुसरा साचा, सुरक्षित करणे. आणि वस्तू सुखरूप दुसऱ्याच्या हाती पोचवणे, म्हणून तस्लीम म्हणजे सुपूर्त करणे. तिसरा साचा, समोरच्याशी सलोखा करणे. चौथा साचा, स्वतःला पूर्ण सोपवणे: इस्लाम, आणि सोपवणारा तो मुस्लिम. आठवा, सुपूर्त केलेलं स्वतःकडे घेणे: इस्तिलाम. दहावा, सुरक्षितता मागणे: इस्तिस्लाम, शरणागती. हत्यार टाकणारा जिवाची हमी मागतो, हे मला सैनिक म्हणून लगेच पटलं.

पण पटलं म्हणून ते तसंच घडलं असं नसतं. त्याच धातूखाली कोशात आणखी एक शब्द बसलेला आहे: सुल्लम. शिडी. आता शिडीचा आणि अखंडतेचा संबंध जोडायचा तर जोडता येईल. शिडीवरून सुखरूप वर जातो म्हणून शिडी, असं म्हणणारे भेटतातही. अशा गोष्टी लक्षात ठेवायला उपयोगी, पुरावा म्हणून निरुपयोगी. तीन अक्षरं सारखी असली म्हणजे कुळ एकच, असं कोणी धरून चालू नये. कोश अक्षरांनी लावलेला असतो, नात्यांनी नव्हे.

आणखी पक्का नमुना हवा तर इस्तिक़्लाल. 'इस्त' काढा: क़, ल, ल. तीन आहेत, दहावा साचा, धातू क़-ल-ल. याचा अर्थ कमी असणे, थोडं असणे. अंदाज काय येईल? कमी मागणे, कमी समजणे. कोशात 'कमी लेखणे' हा अर्थ आहेही. पण वर्तमानपत्रात इस्तिक़्लाल म्हणजे स्वातंत्र्य. लेबनॉनमध्ये 22 नोव्हेंबरला इस्तिक़्लालचा दिवस पाळतात, 1943 पासूनचं स्वातंत्र्य. आपली पलटण 1998 पासून तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आहे, त्यामुळे आपल्या कित्येक जवानांनी त्या पाट्या पाहिल्या असतील. धातू बरोबर, साचा बरोबर, नियम बरोबर, आणि अर्थ तरी हाती येत नाही. अशा वेळी पद्धत चुकली असं समजून ती टाकून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पद्धतीनं तुम्हाला कोशाच्या बरोबर पानावर नेलं. तिचं काम तेवढंच होतं. पुढचं कोशाचं.

मराठी माणसाला एक जास्तीची अडचण आहे, तीही सांगतो. आपल्या कानानं अरबी अक्षरं एकमेकांत मिसळून टाकली आहेत. अरबीत स-सारखी तीन अक्षरं, ह-सारखी दोन, ज़-सारखी आपण ऐकतो ती चार. मराठीत सगळ्यांचं एकेक. नजर आणि नजराणा आपल्याला बहिणी वाटतात. नजरमधलं मधलं अक्षर ज़ोए, धातू बघण्याचा. कोर्टातला नाझर, म्हणजे देखरेख करणारा, त्यातलाच. नजराणा नज़्र या शब्दावरून, त्यात ज़ाल, धातू नवस बोलण्याचा, अर्पण करण्याचा. दोन वेगळी घरं. तसंच महसूल आणि वसूल. यमक जुळतं, दोन्हींत पैसा येतो, दोन्ही एकाच कचेरीत ऐकू येतात. पण महसूल ह-स-ल, आणि वसूल व-स-ल, म्हणजे पोचणे. आणि ऐन तर आपण गिळूनच टाकलं. तालीममधला दीर्घ 'आ' हा गिळलेल्या ऐनचा अवशेष आहे. मूळ शब्द तअ्लीम. म्हणून ओळखीच्या शब्दावरून धातू काढताना मराठी लिखाणावर विसंबू नका. अरबीत तो शब्द कसा लिहितात ते एकदा डोळ्यांनी बघा, मगच वहीत चढवा. आपल्या ओळखीचे शब्द हे भांडवल आहे, फक्त नाणं पारखून घ्यावं लागतं.

वहीची पद्धत एवढीच: एका धातूला एक पान. वर तीन अक्षरं, अरबी लिपीत. डावीकडे साच्याचा आकडा, मध्ये भेटलेला शब्द, उजवीकडे आधीचा अंदाज आणि मग कोशातला अर्थ. पान पूर्ण भरायच्या मागे लागू नका. एका धातूचे दहाही साचे वापरात असतात असं जवळजवळ कधीच होत नाही. नववा साचा तर मुख्यतः रंग आणि शारीरिक व्यंग यांच्यापुरता, लाल होणे, पिवळं पडणे वगैरे. जो शब्द कागदावर भेटला तोच लिहायचा. कोशातून उतरवून काढलेली पानं मी पाहिली आहेत. सुंदर अक्षर, रंगीत शाई, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातलं काही आठवत नाही.

पुढच्या भागापर्यंत तीन शब्द देऊन ठेवतो, तिन्ही तुम्ही ऐकलेले: इंतज़ार, इंतक़ाल, इन्क़िलाब. सातव्या साच्याची खूण म्हणजे धातूच्या आधी 'इन', आणि भाव आपोआप होण्याचा. तिन्ही शब्द 'इन'नं सुरू होतात, पण सातव्या साच्यातला यांत एकच आहे. 'इन' काढा, उरलेली अक्षरं मोजा. 'त' कुठे बसला आहे ते बघा. इथे मोजून तीन उरली तरी लगेच खूश होऊ नका, तो 'त' स्वतःच धातूचा असल्याचा आव आणतो. उत्तर धातूसकट लिहून ठेवा, आणि अंदाज खोडू नका.